शब्दचर्चा : 'इन्फोटेनमेंट' आणि 'रिअ‍ॅलिटी टीव्ही'ला मराठीत काय म्हणायचं?

अनघा : दूरचित्रवाणी-अभ्यासातल्या एका शोधनिबंधाचा मराठी गोषवारा लिहितेय. विषय आहे एनबीसी वाहिनीच्या 'डेटलाइन' या वृत्तकार्यक्रमातली 'टू कॅच अ प्रेडेटर' ही मालिका (२००४ ते २००७). निबंधात तिला कधी इन्फोटेनमेंट म्हटलंय, कधी रिअ‍ॅलिटी टेलिव्हिजन. मी अनुक्रमे 'माहितीरंजन' आणि 'वास्तवदर्शी कार्यक्रम' असं लिहिलं. सरांनी दुसऱ्यावर काट मारली, कारण काही सांगितलं नाही.

वसंतराव : काट योग्यच आहे. 'वास्तवदर्शी' हे कादंबरीचं किंवा समांतर सिनेमाचं विशेषण, म्हणजे रचलेलं असूनही खऱ्यासारखं वाटणारं. रिअ‍ॅलिटी शोचा दावा वेगळा : माणसं खरी, प्रसंग खरा, लेखक नाहीच. अमेरिकेत १९८८ साली पटकथालेखकांचा संप झाला. लेखकांवाचून चालेल असं काहीतरी वाहिन्यांना हवंच होतं, तेव्हा १९८९ मध्ये फॉक्सवर 'कॉप्स' आलं. म्हणून 'संहितामुक्त' म्हणा.

मिलिंद (व्हिडिओ एडिटर) : संपाचं बरोबर आहे, पण संहिता नसते म्हणणं म्हणजे अर्धीच गोष्ट. ती शूटनंतर एडिटला लिहिली जाते. 'कॉप्स'मध्ये निवेदक नाही, त्यामुळे ते कच्चं फुटेज वाटतं. प्रत्यक्षात पोलिसांच्या गाडीत बसून तासन्‌तास केलेल्या चित्रीकरणातून काही मिनिटं उचललेली असतात, आणि बोलणारा असतो तो पोलिसच.

अनघा, तुमच्या मालिकेत तर घटनाच आधी मांडलेली होती. एका खासगी गटाचे स्वयंसेवक चॅटरूममध्ये तेरा-पंधरा वर्षांची मुलं असल्याचं भासवायचे. समोरचा पुरुष लैंगिक हेतूने भेटायला तयार झाला की त्याला एका घरी बोलवायचं, आणि त्या घरात आधीच छुपे कॅमेरे लावलेले. लहान दिसणारी एक नटी दार उघडून दोन शब्द बोलायची आणि आत निघून जायची. मग सूत्रसंचालक ख्रिस हॅन्सन चॅटच्या छापील प्रती घेऊन समोर यायचा. शेवटी 'तुम्ही जाऊ शकता' म्हणायचा, आणि पुढच्या भागांमध्ये तर बाहेर पोलिस थांबलेलेच असत. त्या गटाला एनबीसी मानधन देत होती.

माझ्या मते फरक इथे आहे. झालेली घटना चटपटीत करून सांगितली तर ते इन्फोटेनमेंट. कॅमेऱ्यासाठी घटना घडवली तर ते रिअ‍ॅलिटी. इथे वृत्तविभागानेच घटना घडवली आणि बातमी म्हणून दाखवली, म्हणून निबंधात दोन्ही शब्द आले असावेत.

शुभांगी : बातम्यांच्या चॅनेलबद्दलच विचारताय ना? आमच्या गावातल्या एका खुनावर एका वाहिनीने अर्ध्या तासाचा कार्यक्रम केला होता. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'नाट्यरूपांतर'. माझ्या मावशीला ते सीसीटीव्ही वाटलं. नंतर ती शेजाऱ्यांना सांगायची, "मी त्याला सुरा घेताना पाहिलंय." याला कोणता शब्द?

मिलिंद : ते इन्फोटेनमेंटकडे झुकतं. खून कार्यक्रमासाठी झाला नव्हता.

वसंतराव : मग प्रेडेटरला 'सापळा' म्हणा की! लाचलुचपतवाले रोज रचतात.

मिलिंद : त्या सापळ्यात तक्रारदार असतो, पंच असतात, पंचनामा होतो, सगळं कोर्टात टिकावं म्हणून. इथे सगळी मांडणी प्रक्षेपणासाठी. नोव्हेंबर २००६ मध्ये टेक्ससमधल्या मर्फी गावी काय झालं पाहा. तिथे असंच चॅट करणारा एक सरकारी वकील ठरलेल्या घरी आलाच नाही. मग पोलिस त्याच्या राहत्या घरी गेले, बाहेर एनबीसीचे कॅमेरे होते. पोलिस आत शिरल्यावर त्याने स्वतःला गोळी झाडून घेतली. पुढच्या फेब्रुवारीत तो भागही दाखवला गेला. मर्फीत अटक झालेल्या वीसहून अधिक जणांवर खटले चालवायला तिथल्या जिल्हा सरकारी वकिलांनी नकार दिला, पुरावा आणि अधिकारक्षेत्र या दोन्हींवर त्यांचा आक्षेप होता. मृताच्या बहिणीने एनबीसीवर दावा लावला. २००८ मध्ये न्यायाधीश डेनी चिन यांनी तो पूर्णपणे फेटाळायला नकार दिला. जबाबदार पत्रकारिता सोडून वाहिनीने पोलिसांच्या कामात बेपर्वा ढवळाढवळ केली, असा निष्कर्ष ज्यूरी काढू शकेल, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे तडजोड झाली.

वसंतराव : तरी 'सापळा' मी सोडत नाही. वाचकाला चटकन कळतो.

अनघा : कळतो, पण त्याने पोलिसी कारवाईचा भास होतो, आणि निबंधाचा आक्षेप तर त्या भासावरच आहे. 'रिअ‍ॅलिटी टीव्ही' तसंच ठेवते. इन्फोटेनमेंटला मात्र 'माहितीरंजन'ऐवजी 'वृत्तरंजन' केलं तर?

शुभांगी : वृत्तरंजन छान आहे. पण मग प्राण्यांचे, स्वयंपाकाचे माहितीपर कार्यक्रम कुठे बसवणार?

मिलिंद : ते 'माहितीरंजन'मध्येच राहू दे. गोषवारा बातम्यांपुरता असेल तर 'वृत्तरंजन' चालेल. मूळ निबंधात तो शब्द बातम्यांबाहेर कुठे वापरलाय का, ते एकदा बघून घ्या.