मदत हवी आहे: मंगळ कर्केत असलेला मुलगा प्रेमात पुढाकार घेतो का?

मृण्मयी_96
वेस्टर्न चार्ट नीट वाचता येणाऱ्यांनी प्लीज लवकर सांगा. त्याचा मंगळ कर्केत आहे. अ‍ॅपमध्ये लिहिलंय की असा माणूस खेकड्यासारखा तिरका चालतो, थेट विचारत नाही. पण आमच्या ओळखीच्या गुरुजींनी पत्रिका पाहून सांगितलं की मंगळ मिथुनेत आहे, म्हणजे तो बोलून बोलून जवळ येणारा. दोन्ही कसं खरं असेल? मला रविवारपर्यंत घरी उत्तर द्यायचं आहे.

आडवाट
कशाचं उत्तर? कोणाला? आणि त्याची जन्मतारीख? नुसत्या 'मंगळ कर्केत' यावर कोणी काय सांगणार?

सुधाकाकू
अगं, आधी त्याला मंगळ आहे की नाही ते बघ. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या, बाराव्या स्थानात असेल तर तुझीही पत्रिका दाखवून घे. माझ्या पुतणीच्या वेळी हे राहून गेलं आणि नंतर फार धावपळ झाली.

गणिती
काकू, मंगळदोष तिने विचारलेलाच नाही. मृण्मयी, उत्तर सोपं आहे. पाश्चात्य लोक सायन राशी घेतात, त्यांची मेष वसंत संपातापासून सुरू होते. आपली पत्रिका निरयन, ताऱ्यांना धरून. आज दोन्हींत साधारण 24 अंशांचा फरक आहे. म्हणून पाश्चात्य चार्टमधला प्रत्येक ग्रह आपल्या पत्रिकेत एक रास मागे येतो.

रोहिणी_डब्लिन
प्रत्येक नाही. सायन राशीत शेवटच्या पाच-सहा अंशांत असलेला ग्रह दोन्हीकडे त्याच राशीत राहतो. माझा शुक्र 28 अंशांवर आहे, तो दोन्ही चार्टमध्ये तूळेतच. त्यामुळे अंश विचारल्याशिवाय काही सांगू नये.

मृण्मयी, तारीख, वेळ, गाव दे. मंगळ दिवसाला जेमतेम अर्धा-पाऊण अंश सरकतो, त्यामुळे राशीसाठी वेळ महत्त्वाची नाही. पण चंद्र आणि लग्नरास बघायची तर जन्मवेळ लागेल.

मृण्मयी_96
8 जानेवारी 1993, रात्री 10:20, सांगली.
घरच्यांनी एक स्थळ आणलंय, त्यांना रविवारी हो-नाही कळवायचं आहे. आणि हा गेलं वर्षभर माझ्या आयुष्यात आहे पण एक शब्द बोलत नाही. मी तापाने पडले होते तेव्हा रोज संध्याकाळी स्टीलच्या डब्यातून मऊ भात आणि लिंबाचं लोणचं आणून द्यायचा. दारातच द्यायचा, आत यायचा नाही. माझ्या स्कूटरचं मागचं टायर झिजलेलं त्याने पाहिलं, मला न सांगता बदलून आणलं. मेसेजला मात्र 'हं' आणि 'बघतो'. हा मिथुनेचा मंगळ मला तरी वाटत नाही.

आडवाट
हे सगळं पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

रोहिणी_डब्लिन
चार्ट काढला. थोडं सविस्तर लिहिते.

सायन पद्धतीने मंगळ कर्केत 17 अंशांच्या आसपास आहे. त्यातून तो साधारण 24 अंशांचा फरक, म्हणजे लाहिरी अयनांश, वजा केला की मिथुनेचे 23 अंश येतात. म्हणजे गुरुजींचं गणित बरोबर आणि अ‍ॅपचंही बरोबर, मोजायची सुरुवात वेगळी एवढंच. पण मिथुनेचा अंश घेऊन त्यावर पाश्चात्य पुस्तकातलं वर्णन लावायचं नाही. ती वर्णनं सायन राशींसाठी लिहिलेली आहेत.

पाश्चात्य ज्योतिषी प्रेमात शुक्र आणि मंगळ वेगळे वाचतात. काय आवडतं ते शुक्रावरून, आणि आवडलेल्या गोष्टीकडे माणूस कसा जातो ते मंगळावरून. मंगळ मेषेत असेल तर सरळ जाऊन विचारणारा. मिथुनेत असेल तर चिडवणं, गप्पा, रात्री दोनपर्यंत मेसेज. मकरेत असेल तर आधी नोकरी पक्की करून मग विचारणारा. कर्केत मंगळ नीचेचा. त्याचा अर्थ माणूस वाईट असा नाही, मंगळाला जी सरळ धडक हवी असते ती चंद्राच्या घरात मिळत नाही इतकाच. मग तो काळजी घेऊन, खाऊ घालून, तुमच्या घरच्या वस्तू दुरुस्त करून जवळ येतो. तुझा डबा आणि टायर यांच्यापेक्षा नेमकं उदाहरण मी शोधूनही आणलं नसतं.

पण रास ही फक्त पहिली पायरी. त्या रात्री पौष पौर्णिमा होऊन चार तास झाले होते. चंद्र कर्केत, म्हणजे स्वतःच्याच राशीत, आणि मंगळापासून चार अंशांवर. ज्याच्या घरी मंगळ पाहुणा आहे तो यजमान शेजारीच बसला आहे. त्यामुळे नीचेचा मंगळ बराच सावरतो, पण त्याची प्रत्येक हालचाल मनाच्या भरती-ओहोटीवर चालते. त्याला सुरक्षित वाटलं तरच पाऊल पुढे. शुक्र मीनेत, उच्चेचा. आवड खोल आणि हळवी आहे, ती दाखवायची पद्धत मात्र आडून.

गणिती
अंशांबद्दल घाईत लिहिलं, रोहिणीचं बरोबर. पण तिने एक सांगितलं नाही. हा मंगळ वक्री आहे. आणि वक्री मंगळ म्हणजे माणूस जुन्या प्रेमाकडेच परत जातो. मृण्मयी, त्याचं आधी कोणी होतं का?

रोहिणी_डब्लिन
वक्री आहे हे खरं, लिहायला हवं होतं. सूर्यासमोर आलेला मंगळ वक्रीच असतो आणि ही प्रतियुती आदल्याच दिवशी झाली होती. पण जुन्या प्रेमाकडे परत जाण्याचं जे सांगतात ते आकाशात मंगळ वक्री असतानाच्या दोन-अडीच महिन्यांबद्दल. जन्मताच वक्री असेल तर इच्छा आत वळते, असं वाचतात. माणूस मनात शंभर वेळा विचारतो, तोंडाने एकदाही नाही.

आणखी एक. समोर मकरेत सूर्य आहेच, शिवाय हर्षल आणि नेपच्यून दोघेही 18 अंशांवर, म्हणजे मंगळाच्या अगदी समोर. हर्षल समोर असला की जवळीक वाढता वाढता माणूस अचानक तोडून लांब जातो. असं कधी झालं का?

मृण्मयी_96
हो. झालं. मार्चमध्ये मी सरळ विचारलं, 'आपण दोघं कॉफीला जाऊ या का, फक्त दोघं?' तो 'हो' म्हणाला आणि नंतर आठ दिवस गायब. फोन नाही, काही नाही. नवव्या दिवशी परत डबा घेऊन दारात. त्या आठ दिवसांत मी जेवले नाही नीट.
आधी कोणी होतं का ते मला माहीत नाही.

अबोली_नाशिक
तुझा स्वतःचा मंगळ कुठे आहे? तो बघायलाच हवा. माझ्या नवऱ्याचा मेषेत. ओळख झाल्यावर तिसऱ्या दिवशी घरच्यांसकट आमच्या दारात आला होता. माझा वृषभेत, मला हो म्हणायला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात तो अकरा वेळा चिडून गेला आणि अकरा वेळा परत आला. आता बारा वर्षं झाली लग्नाला. मंगळ जुळत नसले तरी संसार होतो, हे मी माझ्या अनुभवावरून सांगते.

मृण्मयी_96
17 एप्रिल 1996. वेस्टर्नमध्ये मेष येतो. पत्रिकेत मीन.

रोहिणी_डब्लिन
मग ते आठ दिवस समजले. तुझा मंगळ मेषेत 17-18 अंशांवर, त्याचा कर्केत 17वर, म्हणजे बरोबर चौरस. तुझ्या दृष्टीने सरळ प्रश्न विचारणं म्हणजे प्रामाणिकपणा. त्याला तोच प्रश्न कवचावर काठी मारल्यासारखा वाटतो.

सुधाकाकू
पण पत्रिकेप्रमाणे त्याला मंगळ आहे का ते सांगा ना कोणीतरी.

गणिती
काकू, निरयन लग्न सिंह, मंगळ अकराव्यात, म्हणजे लग्नापासून दोष नाही. पण चंद्रही मिथुनेत त्याच घरात, त्यामुळे चंद्रापासून पहिला मंगळ येतो. काही गुरुजी तो धरतात, काही धरत नाहीत.

सुधाकाकू
बरं झालं सांगितलंत. चंद्रापासूनही बघावा, आमच्याकडे बघतात.

आडवाट
मी ज्योतिष मानत नाही, तरी धागा पूर्ण वाचला, कारण मुलगी खरोखर अडचणीत आहे. रोहिणीताई, तुम्ही मनापासून लिहिता हे दिसतं. पण क्रम बघा. आधी तिने डबा आणि टायर सांगितलं, मग तुम्हाला चार्टमध्ये डबा आणि टायर दिसलं. चंद्राने मंगळ सावरला, हर्षलने बिघडवला, वक्रीने आत वळवला. एवढी कलमं हाताशी असली की कुठलंही वागणं बसवता येतं.
मृण्मयी, एक कर. बाराही राशींच्या मंगळाची वर्णनं मैत्रिणीला दे, तिला राशींची नावं खोडून, क्रम बदलून तुला द्यायला सांग. त्याला कोणतं लागू पडतं ते तू निवड. मग बघू.

रोहिणी_डब्लिन
चाचणी चांगली आहे, माझी हरकत नाही. पण त्यात फक्त रास तपासली जाईल, पूर्ण चार्ट नाही. आणि गायब होण्याबद्दल मी आधी विचारलं होतं, तिने नंतर सांगितलं. तो क्रमही बघा.

आडवाट
अबोल माणूस अधूनमधून लांब जातो, हे चार्ट न बघताही विचारता आलं असतं.

गणिती
एक मुद्दा राहिला. हा मंगळ 15 फेब्रुवारी 1993 ला मार्गी झाला, म्हणजे जन्मानंतर 38 दिवसांनी. पाश्चात्य पद्धतीत एक दिवस म्हणजे एक वर्ष धरून ग्रह पुढे नेतात. त्या हिशोबाने 38व्या वर्षी तो मोकळा होऊन बोलेल.

मृण्मयी_96
दादा, तो आत्ता 33 वर्षांचा आहे. मला रविवारी उत्तर द्यायचं आहे.

अबोली_नाशिक
38ची वाट बघू नकोस गं. त्याला त्या स्थळाबद्दल माहीत तरी आहे का?

मृण्मयी_96
नाही.

चाचणी केली. मैत्रिणीने बारा चिठ्ठ्या करून दिल्या. मी दोन बाजूला काढल्या. पहिली वृषभेची निघाली, हळू, टिकून राहणारा, हाताने काम करून प्रेम दाखवणारा. दुसरी कर्केची. मिथुनेची मी सगळ्यात आधी बाजूला टाकली होती.

आडवाट
म्हणजे पहिली निवड चुकली.

रोहिणी_डब्लिन
बारातून पहिल्या दोनात कर्क आली, हेही लिहा. वृषभ आणि कर्क दोन्हींत खाऊ घालणं आणि सांभाळणं येतं, तिथे गल्लत होणं साहजिक आहे. फरक हा की वृषभेचा मंगळ आठ दिवस गायब होत नाही, तो तिथेच ठाण मांडून बसतो.

मृण्मयी, तू विचारलंस म्हणून चार्टवरून एवढंच सांगते. 'तुझं माझ्यावर प्रेम आहे का' असा प्रश्न त्याला करू नकोस. स्थळाची बातमी दे, तुला काय वाटतं ते दे, आणि त्याला लगेच उत्तर मागू नकोस, एक रात्र जाऊ दे. भेट घरात ठेव, कॅफेत नको. तो हो म्हणेल का, हे मंगळ सांगत नाही. तो कसा येतो एवढंच सांगतो.

आडवाट
हे मला पटलं. एक रात्रच, आठ दिवस नव्हेत, हे त्याला स्पष्ट सांग.

सुधाकाकू
मृण्मयी, ते 10:20 दवाखान्याच्या कागदावरचे की त्याच्या आईच्या आठवणीतले? लग्नरास बदलली तर दोषही बदलेल.

मृण्मयी_96
काकू, आईच्या आठवणीतले. कागद पुरात गेला म्हणे.

त्याचा शेवटचा डबा अजून माझ्याकडे आहे. रिकामा परत द्यायचा नाही म्हणून गूळपोळ्या केल्या आहेत. शुक्रवारी संध्याकाळी त्याला न्यायला बोलावलंय. आत ये, असंही लिहिलंय. उत्तर आलंय: 'बघतो'.