अनुभव धागा: प्रिंटर कागदाची कड का सोडतो?

सोसायटीच्या गणेशोत्सवाची कार्यक्रमपत्रिका मी घरीच वर्डमध्ये केली. भोवती छान नक्षीची चौकट. घरच्या इंकजेटवर काढली तर वरची आणि दोन्ही बाजूंची नक्षी आली, खालची गायब! चाळीस प्रती काढल्यावर लक्षात आलं, हा वर आणखी गाढवपणा. समास चारी बाजूंनी २.५४ सेंमी, त्यामुळे कुठलाही इशारा आला नव्हता. मुलीच्या प्रोजेक्टला मात्र समास अगदी कमी केले, तेव्हा "Your margins are pretty small" असं आलं होतं आणि छपाई नीट झाली. म्हणजे इशारा आला तेव्हा सगळं ठीक, नाही आला तेव्हा घोटाळा. कोणाकोणाला असे अनुभव आलेत? सांगा.

कोथरूडकर
कंपन्यांचा शाई वाचवायचा उद्योग, दुसरं काय. मी दर वेळी Yes दाबतो, आजवर काही बिघडलं नाही.

रोलरवाला
पंचवीस वर्षं प्रिंटर दुरुस्त करतोय. कोथरूडकर, शाईचा संबंध नाही, पण Yes दाबून तुमचं निभावतं हे खरं. वर्ड फक्त समासाचा आकडा आणि निवडलेल्या प्रिंटरने सांगितलेली हद्द ताडून बघतो. हद्दीबाहेरच्या पट्टीत मजकूर किंवा चित्र नसेल, तर कापायला काही नसतंच.

इंकजेटमध्ये कागद ढकलणारा रोलर हेडच्या आधी असतो. पान संपत आलं की कागदाचं शेपूट त्यातून सुटतं, मग पुढच्या बारीक दातेरी चाकांच्या भरवशावर ते सरकतं. तिथे कागद जरासा जरी हलला तरी ओळी वाकड्या येतात. म्हणून बऱ्याच जुन्या मॉडेलांत खाली जवळपास १२.७ मिमी सोडलेले असतात आणि बाकी तीन बाजूंना ३ मिमीच्या आसपास.

लेझरचं दुखणं वेगळं. तिथे साधारण ४ मिमी चारी बाजूंनी जातात. पुढच्या कडेपर्यंत टोनर असला तर तापलेल्या फ्यूजरला कागद चिकटून गुंडाळला जाऊ शकतो. आणि टोनर कागदाबाहेर पडला तर ट्रान्स्फर रोलर माखतो, मग पुढच्या पानाच्या पाठीवर डाग.

आता तुमची चौकट. वर्ड ती मुळात कागदाच्या कडेपासून २४ पॉइंटवर ठेवतो, म्हणजे साडेआठ मिमी. खाली १२.७ हवेत. अंतर वाढवून पाहाल तर वर्ड ३१ पॉइंटच्या पुढे जात नाही, ते होतात जेमतेम ११. म्हणून Page Borders मधल्या Options मध्ये Measure from समोर Text निवडा.

पानशेतची पोर
माझा प्रिंटर तर दोन-दोन कागद एकदम ओढतो. त्यालाही समासच कारणीभूत का?

रोलरवाला
नाही ताई, कागद सुटे करणारं सेपरेशन पॅड झिजलं असेल. पावसाळ्यात कागद दमट असला तरी असं होतं.

प्रेसवाली, नारायण पेठ
आमच्या ऑफसेटलाही पुढची कड सोडावी लागते, तिथे ग्रिपर कागद पकडतो. तरी पत्रिकेला कडेपर्यंत रंग दिसतो, कारण मोठ्या शीटवर थोडं बाहेरपर्यंत छापून कटिंगला देतो. घरी ए४वर ते शक्य नाही. लोक वर्डची फाइल आणून "कडेपर्यंत रंग द्या" म्हणतात आणि मजकूरही कडेला टेकवून ठेवतात. कटर एक मिमी सरकला की अक्षर गेलं!

डेक्कनचा आयटीवाला
बॉर्डरलेस असतं की! माझ्या फोटो प्रिंटरवर चारी कडा भरतात.

रोलरवाला
भरतात, कारण तो शाई कागदाबाहेरही मारतो. आतला स्पंज ती पितो. पण चित्र थोडं मोठं करून छापतो, म्हणून कडेची चौकट तिथेही धोक्यातच.

धागाकर्ती
Text करून पाहिलं, खालची रेघ तरीही नाही! मग लक्षात आलं, खाली पान क्रमांक आहे आणि Surround footer ला टिक होती. चौकट क्रमांकाच्याही खालून जात होती. क्रमांक कडेपासून १.२७ सेंमीवर, रेघ त्याच्याही खाली, म्हणजे पुन्हा त्याच पट्टीत. टिक काढली, रेघ आली. पण आता पान क्रमांक चौकटीबाहेर लटकतोय.

कोथरूडकर
एका पानाच्या पत्रिकेला पान क्रमांक कशाला हवा?

धागाकर्ती
😐 काढला. रोलरवाले दादा, पण तीच फाइल ऑफिसच्या लेझरवर जुन्या मापाने नीट आली असती का?

रोलरवाला
तुमच्या आकड्यांनुसार यायला हवी, चौकट कडेपासून साडेआठ मिमीवर आहे, लेझर ४ मिमीच सोडतो. पण कागदावर बघूनच बोला. पानापेक्षा मोठा फिका करडा चौकोन काढून एक प्रत छापा आणि पांढऱ्या कडा पट्टीने मोजा. आमच्याकडे दोन सारख्या मॉडेलांतही एखादा मिमी फरक निघतो.

पानशेतची पोर
कागद उन्हात ठेवले. आता तीन ओढतोय.