मदत हवी आहे : विनोदापलीकडचे लक्ष्मीकांत बेर्डे

मंडळी, मालवणात आमच्या घरी 'अशी ही बनवाबनवी' सगळ्यांना तोंडपाठ. परवा मात्र जब्बार पटेलांचा १९९२चा 'एक होता विदूषक' पाहिला आणि गप्पच झालो. पटकथा-संवाद पुलंचे, गाणी महानोरांची. तमाशातून सिनेमात गेलेला आबुराव हसवता हसवता आतून रिकामा होत जातो. लक्ष्याची नेहमीची धावपळ नाही, नुसते डोळे बोलतात. (हा सिनेमा पडला कसा, देव जाणे!)

आता त्यांच्या अशाच गंभीर भूमिका शोधतोय. दिग्दर्शकावरून शोध घेतला तर याच सिनेमापाशी अडतो. 'टुरटूर' किंवा इतर नाटकांचं चित्रीकरण कुठे बघायला मिळेल? हिंदीतल्या नोकर-मित्राच्या भूमिका नकोत, त्या पाहून झाल्यात. कोणाला काही ठाऊक असेल तर सांगा हो.