मदत हवी आहे: उपवासाच्या राजगिरा / शिंगाडा भाकरीत पोळीच्या तुलनेत प्रोटीन आणि कार्ब किती?

मीनल_नाशिक

नमस्कार मंडळी. सासूबाई ६६ वर्षांच्या आहेत, मधुमेहाची गोळी चालू आहे. नवरात्राचे नऊही दिवस उपवास करतात आणि तो त्या सोडणार नाहीत, त्यामुळे "उपवास बंद करा" हा सल्ला कृपया नको. साबुदाणा आम्ही आधीच बंद केला. आता दुपारी राजगिऱ्याच्या दोन भाकऱ्या, बटाट्याची भाजी आणि वाटीभर दही असं जेवण असतं. कधी राजगिऱ्याऐवजी शिंगाडा. एरवी त्या दोन पोळ्या, वरण आणि भाजी खातात, तेव्हा जेवणानंतर दोन तासांनी साखर १६०-१७० असते. उपवासाच्या दिवसांत ती २३० च्या पुढे जाते.

राजगिऱ्यात प्रोटीन जास्त आणि कार्ब कमी असं सगळीकडे वाचते, मग असं का व्हावं? एका पोळीशी एका भाकरीची तुलना कुणी नीट सांगू शकेल का?

अनिरुद्ध_पुणे

राजगिरा म्हणजे प्रोटीनचा खजिना, गव्हाच्या दुप्पट. शिवाय ग्लूटेन नाही, म्हणून साखर वाढायचा प्रश्नच येत नाही. बटाट्याची भाजी बंद करा, सगळं जागेवर येईल. राजगिरा हवा तेवढा खाऊ द्या.

सुलभा_आहार

मीनलताई, मी आहारतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं काम केलं आहे. अनिरुद्ध, बटाट्याचं तुम्ही बरोबर सांगितलंत, पण "दुप्पट" आणि "हवा तेवढा" या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम कणकेत सुमारे १०.५ ग्रॅम प्रोटीन आणि ६४ ग्रॅम कार्ब आहेत. राजगिऱ्यात प्रोटीन १३ ग्रॅमच्या थोडं वर आणि कार्ब ६१ च्या आसपास. प्रोटीन पाव हिश्श्याने जास्त झालं, कार्ब मात्र जवळपास तेवढेच. तंतू तर कणकेत जास्त आहेत, ११ ग्रॅमच्या वर; राजगिऱ्यात साडेसात. राजगिऱ्याचं खरं बलस्थान प्रोटीनच्या प्रतीत आहे. गव्हात लायसिन कमी पडतं, राजगिऱ्यात ते भरपूर असतं.

आता तुमच्या ताटाकडे येऊ. पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते. राजगिऱ्याला चिकटपणा नसतो, भाकरी जाड थापावी लागते आणि पीठ बांधायला त्यात उकडलेला बटाटा मळतात. तुमच्या एका भाकरीला किती पीठ आणि किती बटाटा लागतो, ते वजन करून सांगाल का? मला वाटतं उत्तर तिथेच आहे.

राधिका_ठाणे

माझ्या मुलाला सीलिअ‍ॅक आहे, गव्हातलं ग्लूटेन अजिबात चालत नाही, म्हणून आमच्याकडे बारा महिने राजगिरा. गिरणीतून पीठ आणू नका, आधीच्या गव्हाचं पीठ जात्यात राहिलेलं असतं. त्याला त्यानेच त्रास झाला होता. आता दाणे आणून घरच्या मिक्सरवर दळते. थोडंच दळायचं, राजगिऱ्यात तेल असल्यामुळे पीठ लवकर खवट होतं.

मीनल_नाशिक

राधिका, आमच्याकडे ग्लूटेनची अडचण नाही, पण खवटपणाची सूचना उपयोगी आहे, धन्यवाद.

सुलभाताई, आज काट्यावर वजन केलं. दोन भाकऱ्यांना ९० ग्रॅम पीठ लागलं आणि मध्यम बटाट्याचा अर्धा भाग, ६० ग्रॅम. ताटात बटाट्याची भाजी वेगळी.

सुलभा_आहार

मग हिशेब असा. दोन पोळ्यांच्या ६० ग्रॅम कणकेत सव्वासहा ग्रॅम प्रोटीन आणि ३८ ग्रॅम कार्ब. तुमच्या ९० ग्रॅम राजगिऱ्यात प्रोटीन १२ ग्रॅम, पण कार्ब ५५. त्यात मळलेल्या बटाट्याचे नऊ-दहा मिळवा, म्हणजे ६५ च्या घरात जातं. भाजीतला बटाटा याच्यावर. एरवीच्या पोळ्यांपेक्षा पावणेदोन पट कार्ब पोटात जातात आणि त्या मानाने तंतू कमी. वरणही ताटात नाही. दह्याने थोडी भर पडते, तरी साखर चढायला एवढं पुरेसं आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे राजगिऱ्याचा स्टार्च पटकन पचतो. त्याचे कण अतिशय बारीक असतात आणि त्यात अमायलोज हा सावकाश पचणारा भाग कमी असतो. मधुमेहींवरचा १९९७ साली छापून आलेला एक भारतीय अभ्यास आहे. त्यात दुधातल्या राजगिऱ्याच्या लाह्यांचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे साखर किती चढते त्याचा आकडा, ९७ निघाला, गव्हाचा ६६ च्या आसपास. लाह्या आणि भाकरी एकच नव्हेत, त्यामुळे हा आकडा भाकरीला जसाच्या तसा लावू नका. पण "राजगिरा म्हणजे साखर वाढणार नाही" हे त्यावरून नक्कीच म्हणता येत नाही.

करून बघा: दोन्ही भाकऱ्यांना मिळून ६० ग्रॅमच पीठ घ्या आणि बटाट्याऐवजी किसलेली काकडी किंवा लाल भोपळा घाला. भाकरीचा हट्ट सोडून थालीपीठ लावा, ओल्या फडक्यावर थापलं की तुटत नाही. भाकरीच हवी असेल तर उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढा, झाकून ठेवा आणि कोमट असताना मळा. बटाट्याशिवाय बांधलं जातं. ६० ग्रॅम पिठातून ८ ग्रॅम प्रोटीन येतं, वाटीभर दह्यातून साडेचार-पाच. एरवी दोन पोळ्या आणि वाटीभर वरणातून साधारण एवढंच मिळतं, म्हणजे प्रोटीन कमी पडत नाही. बटाट्याच्या भाजीच्या जागी काकडीची कोशिंबीर ठेवा, त्यात दाण्याचं कूट.

आणि गोळी कोणती आहे ते डॉक्टरांना विचारा. काही गोळ्यांनी दोन जेवणांत लांब खंड पडला की साखर एकदम खाली येते, आणि उपवासात तसा खंड पडतोच.

देशपांडे_काका

शिंगाड्याचं राहूनच गेलं. ते फळ आहे, धान्य नव्हे, म्हणून त्यात पिष्ट नगण्य असणार. आमच्या आईचं म्हणणं, शिंगाडा थंड आणि हलका.

सुलभा_आहार

काका, शिंगाडा पाण्यात येणारं फळ हे खरं, पण आपण त्याचा गर वाळवून दळतो आणि तो जवळपास सगळा पिष्टच असतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्याच जुन्या तक्त्यात वाळलेल्या शिंगाड्यात कार्ब ६९ आणि प्रोटीन १३.४ ग्रॅम दिलं आहे. हे आकडे कणकेच्या वरच्या आकड्यांशेजारी ठेवू नका. जुन्या तक्त्यात कणकेचंही प्रोटीन १२ आणि कार्ब ६९ आहेत; कार्ब जास्त दिसतात, कारण तंतू मोजायची पद्धत तेव्हा वेगळी होती. म्हणजे त्याच तक्त्यात बघितलं तर कार्बच्या बाबतीत शिंगाडा आणि गहू सारखेच.

मीनल_नाशिक

पण माझ्याकडच्या शिंगाडा पिठाच्या पाकिटावर प्रोटीन ७ ग्रॅम लिहिलंय आणि मागच्या महिन्यात दुसरं आणलं होतं त्यावर जवळजवळ ९ होतं. १३ कुठेच नाही.

सुलभा_आहार

मलाही पाकिटांवर असेच कमी आकडे दिसतात. जुन्या तक्त्यात ताज्या शिंगाड्याचं प्रोटीन ४.७ आहे, पाणी ७० टक्के. तो वाळवला तर हिशेबाने साडेतेरा येतात, म्हणजे तक्ता स्वतःशी जुळतो. मग फरक जातीचा, तळ्याचा की पिठात आणखी काही मिसळल्याचा, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. हिशेब करताना पाकिटावरचाच आकडा धरा. प्रोटीनसाठी शिंगाड्यावर विसंबू नका. त्या दिवशी दही जास्त घ्या किंवा पनीर ठेवा.

अनिरुद्ध_पुणे

दुप्पट मी कुठेतरी वाचलं होतं, बहुतेक भाताशी तुलना असावी. निम्मा राजगिरा, निम्मी वरी असं पीठ केलं तर?

सुलभा_आहार

वरीत प्रोटीन राजगिऱ्यापेक्षा कमी, कार्ब मात्र जवळपास तेवढेच. साखरेसाठी त्याने काही साधणार नाही.

मीनल_नाशिक

काल ६० ग्रॅम राजगिऱ्याचं काकडी घालून थालीपीठ लावलं, बटाटा अजिबात नाही, दही आणि कोशिंबीर. दोन तासांनी १८४. सासूबाईंना थालीपीठ आवडलं, पण संध्याकाळी पाचला भूक लागली म्हणाल्या. तेव्हा मूठभर भाजलेले शेंगदाणे दिले तर रात्रीच्या साखरेवर फरक पडेल का? कुणी मोजून पाहिलंय?