मदत हवी आहे: फोटोत जर्सी चढवली की माणूस बारीक होतो, मूळ अंगकाठी कशी राखायची?

जर्सीवाली_धनकवडी

नमस्कार. धनकवडीत माझं घरगुती जर्सी छपाईचं काम आहे. सोसायट्यांचे क्रिकेट संघ हे मुख्य गिऱ्हाईक. ऑर्डर नक्की होण्याआधी संघातल्या दोघातिघांचे फोटो मागवून त्यांच्यावर जर्सी चढवून दाखवते, म्हणजे रंग आणि पट्टे पसंत करायला सोपं जातं. भावाच्या कॉम्प्युटरवर कम्फीयूआय आहे, त्यात एसडीएक्सएलचं इनपेंटिंग वापरते.

गेल्या आठवड्यात सिंहगड रोडच्या एका सोसायटीचं काम आलं. सगळे पंचेचाळीस ते साठ वयाचे. कॅप्टन काकांचा पांढऱ्या टी-शर्टमधला फोटो घेतला आणि आकाशी जर्सी चढवली. काका बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, जर्सी झकास आहे, पण हा मी नाही." मला फार लागलं ते. घरी येऊन दोन्ही फोटो शेजारी लावले. मूळ फोटोत काकांचा उजवा दंड पोटाला टेकलेला आहे. माझ्या फोटोत दंड आणि पोट यांच्यामध्ये फट आहे आणि त्या फटीतून मागच्या भिंतीच्या फरशा दिसतायत!

प्रॉम्प्ट असा होता:

```
a man wearing a fitted sky blue cricket jersey, athletic, sporty
```

`VAE Encode (for Inpainting)` वापरलं, `denoise` 1.0. मास्क सढळ हाताने मारला होता.

दुसरं काम सहकारनगरच्या एका योगवर्गाचं. पत्रकासाठी बायकांना वर्गाच्या पोशाखात, म्हणजे लांब टी-शर्ट आणि लेगिंग्जमध्ये दाखवायचंय. सगळ्यांची परवानगी आहे, पण फोटो पंजाबी ड्रेसमधले आहेत. तिथे तर प्रत्येक जण वीस वर्षांची मुलगी होऊन बाहेर येते. काय चुकतंय?

ऑफस्पिन_कात्रज

ओपनपोझचं कंट्रोलनेट लावा, प्रमाण जागच्या जागी राहील. मी माझ्या फोटोंवर वापरतो, कधी अडचण आली नाही. नाहीतर आयडीएम-व्हीटॉनसारखं कपडे चढवण्याचं तयार मॉडेल घ्या, मास्कबिस्क काही करायला नको.

सुईदोरा

ताई, पोटावर जर्सी बसत नसेल तर मापात घोटाळा आहे. छातीचं माप घेऊन साइज ठरवतात, पण या वयात पोटाचं माप छातीपेक्षा जास्त निघतं. पोटाचं घ्या आणि वर चार इंच सैल सोडा. बाजूला पट्टा जोडायचा असेल तर जाळीचं कापड वापरा.

जर्सीवाली_धनकवडी

सुईदोरा, माझा प्रश्न शिवणीचा नव्हता, फोटोचा होता. पण पोटाचं माप घ्यायचं लिहून ठेवलंय, कारण फोटो बघून दोघांनी 'एल' सांगितला होता आणि त्यांना खरं 'एक्सएक्सएल' लागणार आहे.

थर_आणि_मास्क

यात तीन चुका एकमेकींत गुंतल्यात, म्हणून सावकाश लिहितो.

ओपनपोझचं आधी. ते शरीराचे सांधे ओळखतं: खांदा, कोपर, कंबर, गुडघा. त्या ठिपक्यांतून काड्यांचा माणूस तयार होतो. उंची आणि खांद्यांची रुंदी बऱ्यापैकी टिकते, ऑफस्पिनचं तेवढं बरोबर आहे. पण काड्यांच्या माणसाला पोट नसतं. सडपातळ माणसाच्या फोटोवर हे चालून जातं, काकांच्या नाही चालणार.

आता तुमचं मूळ दुखणं. `VAE Encode (for Inpainting)` मास्कखालचं चित्र पुसून टाकतं. तिथे काकांचं पोट होतं याचा मागमूसच उरत नाही. मास्क सढळ, म्हणजे पोटाची कडही गेली. वर प्रॉम्प्टमध्ये `fitted`, `athletic`, `sporty`. मग मॉडेलने आजवर पाहिलेल्या जाहिरातींतला खेळाडू तिथे उभा केला. त्या नोडला `denoise` कमी केला तरी भागत नाही, पुसलेल्या जागेचे करडे डाग वर येतात.

काकांचा टी-शर्ट पांढरा आणि अंगाबरोबरचा आहे ना? मग तुमचं काम निम्मं झालेलंच आहे. गिम्पमध्ये त्या टी-शर्टवर नवीन थर घ्या, त्याचा मोड `Multiply` ठेवा आणि आकाशी रंग भरा. खालच्या चुण्या, पोटाखालची सावली, काखेतली घडी, सगळं रंगाखालून दिसत राहतं. पट्टेही तिथेच ढोबळपणे काढा. हे चित्र कम्फीयूआयमध्ये घ्या, या वेळी साधं `VAE Encode` आणि पुढे `Set Latent Noise Mask`. `denoise` 0.5 पासून सुरू करून 0.6 पर्यंत जा. रंग आधीच आकाशी असल्यामुळे मॉडेलला फक्त कापडाचा पोत आणि कॉलर करायची राहते, अंग नव्याने घडवायला वावच मिळत नाही. 0.7 च्या वर गेलात की कड हलायला लागेल.

मास्क टी-शर्टच्या कडेला धरून मारा, बाहेर सहा-आठ पिक्सेल, बस्स. प्रॉम्प्टमधून ते तीन शब्द काढा आणि जे दिसतंय ते लिहा:

```
heavyset man in his fifties, round belly, loose polyester cricket jersey, sky blue
```

हे लिहिताना संकोच वाटू देऊ नका. तो शब्द मॉडेलला सांगायचा आहे, काकांना नाही. आणि छातीवरचं नाव, पाठीवरचा आकडा मॉडेलकडून करून घेऊ नका, देवनागरी अक्षरं तर हमखास फुटतात. ती शेवटी गिम्पमध्येच टाका.

आयडीएम-व्हीटॉनबद्दल: त्याचा परवाना व्यावसायिक वापराला नाही, आणि तुमचा धंदा आहे. शिवाय ते ज्या व्हिटॉन-एचडी संचावर शिकलं त्यात 13,679 जोड्या आहेत आणि त्या सगळ्या समोरून उभ्या असलेल्या बायका आणि त्यांच्या वरच्या कपड्यांच्या. साठीच्या पुरुषाचं पोट त्यात येणार कुठून?

ऑफस्पिन_कात्रज

माझे फोटो माझेच, आणि मी 58 किलोचा. म्हणून मला कधी जाणवलं नसावं. परवान्याचंही माहीत नव्हतं.

बाबांची_लेक

माझं थोडं वेगळं आहे, पण विचारते. बाबांचा डावा खांदा शस्त्रक्रियेनंतर उजव्यापेक्षा खाली राहिलाय. त्यांच्या पंच्याहत्तरीसाठी जुन्या क्लबच्या जर्सीतला फोटो करायला घेतला, तर दोन्ही खांदे एका रेषेत आले. आईने बघितल्याबरोबर ओळखलं. अंगात सैल शर्ट आहे. बाबांचा तो खांदा मला तसाच हवाय.

थर_आणि_मास्क

खांद्यावर शर्ट कसाही सैल असला तरी तिथे तो टेकलेलाच असतो, त्यामुळे खांद्याची खरी रेष तुमच्या फोटोत आहे. वर सांगितलेलीच पद्धत वापरा, शिवाय डेप्थचं कंट्रोलनेट जोडा. `strength` 0.6 च्या आसपास, `end_percent` 0.8. सुरुवातीच्या टप्प्यांत आकार ठरतो, तेव्हा डेप्थ घट्ट धरून ठेवतं, शेवटी कापडाच्या बारकाव्यांना मोकळीक मिळते. शर्ट गडद रंगाचा असेल तर मात्र `Multiply` चालणार नाही, आधी तो फिका करून घ्यावा लागेल.

जर्सीवाली_धनकवडी

मग योगवर्गाच्या फोटोंनाही डेप्थ लावू का?

थर_आणि_मास्क

लावून बघा, पण काय होईल ते आधीच सांगतो. डेप्थला वरचा पृष्ठभाग दिसतो. पंजाबी ड्रेसचा घेर आणि ओढणी हेच तो शरीर समजेल, आणि लेगिंग्ज घातलेल्या बाईंच्या मांड्या घेराएवढ्या होतील. डेप्थ काढलंत तर मॉडेल अंदाज करेल आणि तो अंदाज बारीकच असेल. ड्रेसच्या आत कंबर किती आहे ही माहिती फोटोत नाहीच. कोणतंही सेटिंग ती आणू शकत नाही.

पहाटेची_पर्वती

मी स्वतः अशा एका वर्गाला जाते, म्हणून लिहिते. त्या बायकांनी परवानगी कशाला दिली होती ते नीट विचारा. पोशाख दाखवायला हो म्हणणं वेगळं आणि आपल्या चेहऱ्याखाली कुणीतरी कल्पनेने काढलेलं अंग पत्रकात छापलं जाणं वेगळं. अंग बारीक काढा नाहीतर जाड, दोन्हीकडे ते त्यांचं नाही. आमच्या वर्गात बहुतेकजणी टी-शर्ट आणि लेगिंग्ज घालूनच येतात. वर्ग सुटल्यावर पाच मिनिटांत फोटो होतील, आणि ज्यांना नको असेल त्यांना नाही म्हणता येईल.

थर_आणि_मास्क

पर्वतीताईंशी पूर्ण सहमत. फोटो काढताना फक्त एवढं बघा: माणसापासून तीन मीटर तरी लांब उभे राहा आणि मोबाइल कमरेच्या उंचीवर धरा. जवळून, वरून काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि पाय आखूड येतात. मग मूळच प्रमाण चुकलेलं असतं, पुढे कितीही सांभाळा. ताडासनातलेच घ्या. त्रिकोणासनात कमरेवर पडणारी घडी मॉडेल हटकून सपाट करतं, आणि त्यावर माझ्याकडे अजून खात्रीचा उपाय नाही.

तपासायचं कसं तेही सांगतो. हनुवटीपासून टाळूपर्यंत डोक्याची उंची पिक्सेलमध्ये मोजा, मग पोटाची रुंदी मोजा आणि भागाकार करा. आधीचा आणि नंतरचा आकडा जुळला पाहिजे. चित्राचा आकार बदलला तरी हा भागाकार बदलत नाही. दुसरं म्हणजे गिम्पमध्ये दोन्ही चित्रं एकावर एक ठेवून वरच्याचा मोड `Difference` करा. जे बदललं नाही ते काळं दिसतं. जर्सीचा रंग उजळ दिसणारच, पण अंगाच्या बाहेर, भिंतीवर उजळ पट्टी दिसली तर समजायचं कड सरकली.

जर्सीवाली_धनकवडी

काल रात्री बसून केलं. काकांच्या मूळ फोटोत डोकं 148, पोट 312, म्हणजे 2.11. माझ्या पहिल्या जर्सीत पोट 262 होतं, 1.77. कमरेतून 50 पिक्सेल, जवळजवळ सहावा हिस्सा मी कापून टाकला होता! आता 0.55 वर 309 आलं, 2.09. दंड पुन्हा पोटाला टेकलाय. `Difference`मध्ये भिंत काळी आहे, फक्त उजव्या बाहीपाशी एक बारीक उजळ रेघ राहते. मूळ टी-शर्टची बाही आखूड होती आणि जर्सीची कोपराजवळ येते, तेवढा भाग हाताच्या कातडीवर नव्याने काढावा लागला. तिथे दंड किंचित बारीक वाटतो. बाहीपुरता वेगळा मास्क घेऊन बघू का?

थर_आणि_मास्क

हो, बाहीचा मास्क वेगळाच घ्या. `Multiply` कातडीवर मळकट होतं, म्हणून तिथे `Normal` थराने रंग भरा, दंडाच्या कडेच्या एक-दोन पिक्सेल बाहेरपर्यंत, कारण कापड कातडीला चिकटून बसत नाही. `denoise` 0.65 चालेल. शेवटी मास्कबाहेरचा सगळा भाग मूळ फोटोतून परत वर ठेवा, `ImageCompositeMasked`ने. नाहीतर चेहरा एन्कोड-डिकोडमध्ये हलकासा बदलतो.

जर्सीवाली_धनकवडी

बाही जमली. काकांना फोटो पाठवला. त्यांनी तो लगेच संघाच्या ग्रुपवर टाकला आणि मला लिहिलं, "आता ऑर्डर धरा, चौदा जर्सी, माप घ्यायला रविवारी या." टेप घेऊन जाणार आहे, पोटाचं माप प्रत्येकाचं घेईन. योगवर्गाच्या बाईंशी बोलले. अकराजणींपैकी सातजणी वर्गातल्या कपड्यांत फोटो द्यायला तयार आहेत, चौघींनी नको सांगितलं. बाईंना त्रिकोणासनातलाही एक फोटो हवाच आहे, त्या घडीवर कुणाला उपाय सापडला तर इथे जरूर लिहा.