लेझर प्रिंटरमधून निघालेला कागद वळतोय, तोही एकाच गठ्ठ्यात दोन तऱ्हांनी. मदत हवी आहे

वाशिष्ठीकाठ
मंडळी, चिपळूणला माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. एका भजनी मंडळाची पुस्तिका गणपतीआधी द्यायची आहे. ए-फोर, १०० जीएसएम मॅपलिथो, दोन्ही बाजूंना काळी छपाई, मधे घडी घालून ए-फाइव्ह पुस्तिका. प्रिंटर साधा ए-फोर लेझर, कागद आखूड बाजूने आत घेणारा.

अडचण अशी की काही कागद बाहेर येताच दोन्ही आखूड कडा वर उचलून सुरळी होतात. काही मात्र जवळजवळ सपाट राहतात, फक्त लांब कडा किंचित उचलतात, पन्हळीसारख्या. कागद तोच, गठ्ठा तोच. सुरळी झालेले कागद दुसऱ्या बाजूच्या छपाईला हमखास अडकतात. नेहमीचा ७५ जीएसएम रीमचा कागद याच मशीनवर व्यवस्थित निघतो. मेकॅनिक म्हणतो फ्युजर बदला. खर्च मोठा आहे, म्हणून आधी इथे विचारतोय.

मिलिंद_नाशिक
कागद ओला आहे, बाकी काही नाही. पावसाळ्यात आमच्याकडेही होतं. दुपारी ऊन पडलं की पसरून वाळवा आणि मग छापा.

पानोपानी
माझ्या कवितासंग्रहाचं मुखपृष्ठही असंच बाहेरच्या बाजूला वळतंय. ३०० जीएसएम कार्ड आहे, वरून मॅट लॅमिनेशन. हेच कारण असेल का? प्रती वजनाखाली ठेवल्या तरी काढल्या की पुन्हा वळतात.

आप्पा_ट्रेडलवाले
पानोपानी, तुमचं दुखणं वेगळं. कार्डाच्या एका बाजूवर प्लास्टिक आहे, तिथून दमट हवा आत जात नाही. उघडी बाजू ती पिते आणि फुगते, म्हणून कार्ड लॅमिनेशनकडे वळतं. पण तुम्ही बाहेरच्या बाजूला म्हणताय, म्हणजे कव्हर मिटलेलं असताना कड वर उठते, बरोबर ना? मग तेच. त्यात लेझरचा दोष नाही.

वाशिष्ठीकाठ, फ्युजरला हात लावू नका. फ्युजर बिघडला असता तर सगळे कागद सारखेच वळले असते. हा १०० जीएसएम रीममध्ये ए-फोर कापलेलाच आला, की फुलशीट घेऊन कापून घेतलात?

वाशिष्ठीकाठ
फुलशीट. २३ बाय ३६. कटिंगवाल्याने एका शीटमधून ७ ए-फोर काढून दिले. सगळे एका दिशेने कापले असते तर ६च निघाले असते, म्हणाला.

आप्पा_ट्रेडलवाले
मग उत्तर त्या सातव्या कागदात आहे. हिशोब बघा. ३६ इंचाच्या लांबीत ए-फोर उभे लावले तर ३ बसतात, आडवे लावले तर ४. २३ इंचाच्या रुंदीत एक उभी रांग आणि एक आडवी रांग मावते. ३ अधिक ४, झाले ७. कापणाऱ्याने कागद वाचवला, पण तुमच्या गठ्ठ्यात दोन ग्रेन, म्हणजे तंतूंच्या दोन दिशा, मिसळल्या. अशा शीटचा ग्रेन बहुधा ३६ इंचाच्या बाजूने असतो. तसं असेल तर दर सातांत ३ लाँग ग्रेन, म्हणजे ग्रेन लांब कडेला समांतर, आणि ४ शॉर्ट ग्रेन, म्हणजे आखूड कडेला समांतर.

याचा वळण्याशी संबंध असा. कागदातले तंतू बरेचसे एका दिशेने निजलेले असतात. दमट हवेत तंतू जाडीला फुगतो, लांबीला फारसा नाही. वाळला की जाडीतच आकसतो. म्हणून कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने वाढतो-आकसतो, आणि वळतो तो ग्रेनलाच आस धरून. लाँग ग्रेनच्या लांब कडा उचलतात, शॉर्ट ग्रेनच्या आखूड. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये नेमकं हेच लिहिलंय.

खात्री करायची तर सपाट राहिलेला एक आणि सुरळी झालेला एक कोरा कागद घ्या. प्रत्येकातून बोटभर रुंदीच्या दोन पट्ट्या कापा, एक लांबीच्या दिशेने, एक रुंदीच्या. दोन्ही पट्ट्यांची लांबी सारखी ठेवा, एकावर एक धरा आणि टोक मोकळं सोडा. जी लगेच खाली लोंबते तिच्यात ग्रेन आडवा आहे. ताठ राहते तिच्यात लांबीने.

कॉपियर_दुरुस्ती
मी रोज हीच मशीनं उघडतो. आप्पांचं पटतं, त्यात एक जोडतो. फ्युजरमध्ये साधारण दोनशे अंशांच्या आसपासची उष्णता क्षणभर बसते आणि कागदातलं पाणी वाफ होऊन निघतं. दोन्ही बाजू सारख्या तापत नाहीत, सारख्या वाळत नाहीत, म्हणून वाक येतो. शिवाय रोलरच्या गोलाईचा वाक पुढच्या-मागच्या कडांना असतो. शॉर्ट ग्रेन कागद आखूड बाजूने आत गेला की ग्रेन रोलरला समांतर येतो आणि दोन्ही वाक एकाच दिशेचे होतात. लाँग ग्रेनमध्ये ते एकमेकांना काटकोनात पडतात, आणि जाण्याच्या दिशेने कागद ताठही असतो.

मिलिंदभाऊ, ओलाव्याचं तुमचं बरोबर आहे. कागद जितका दमट, तितकी जास्त वाफ. पण उन्हात पसरू नका. वरची बाजू आधी वाळते, कागद छापण्याआधीच वाकडा होतो, आणि दुकानात आणला की कडा पुन्हा दमट होतात. मग कडेला लाटा येतात. ती वेगळी भानगड.

सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार एक पायरी पातळ निवडा, म्हणजे फ्युजर कमी तापतो. टोनर बोटाने निघतो का ते लगेच घासून बघा. निघाला तर पायरी परत वाढवा. काही ड्रायव्हरमध्ये `Reduce Paper Curl` असा पर्याय असतो, तोही हेच करतो. मागचं झाकण उघडून कागद सरळ बाहेर येऊ दिला तर एक वळसा वाचतो, पण दोन्ही बाजूंची छपाई मग हाताने उलटून करावी लागते. आणि ट्रेमध्ये गठ्ठा पालथा घालून बघा, फुकटचा उपाय आहे.

वाशिष्ठीकाठ
पट्ट्यांची चाचणी केली. सुरळी होणारे सगळे शॉर्ट ग्रेन निघाले. दुकानात आर्द्रतेचा मीटर आणून ठेवला, ८४ दाखवतोय. गठ्ठा दोन दिवस उघडाच होता. आता दोन ढीग वेगळे केलेत आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेत. लाँग ग्रेनचा ढीग एक पायरी पातळ लावून दोन्ही बाजूंनी न अडकता निघाला, टोनरही पक्का बसलाय. उरलेल्या शॉर्ट ग्रेनचं काय करू?

आप्पा_ट्रेडलवाले
टाकू नका. खरं तर तुमच्या पुस्तिकेला तोच कागद हवा. ए-फोरची घडी घालून ए-फाइव्ह करताना घडी आखूड कडेला समांतर येते. ग्रेनही तसाच असेल तर घडी स्वच्छ बसते, पानं उघडून पडून राहतात. लाँग ग्रेनची घडी आडवी मोडते आणि पुस्तिका मिटून राहत नाही.

कॉपियर_दुरुस्ती
आप्पा, ऑफसेटवर मान्य. या मशीनवर तो कागद आधी बाहेर तर यायला हवा! १०० जीएसएमला आडवी घडीही चालून जाते, हाडाच्या पट्टीने दाबा आणि वजनाखाली ठेवा. मी लाँग ग्रेनच घेईन.

आप्पा_ट्रेडलवाले
चालते, पण दिसते. गावात कुणाचं ए-थ्री मशीन असेल तर शॉर्ट ग्रेन तिथे न्या. त्यात ए-फोर लांब बाजूने आत जातो, म्हणजे तोच ग्रेन जाण्याच्या दिशेला येतो.

वाशिष्ठीकाठ
बाजारपेठेत एकाकडे आहे, उद्या थोडे कागद नेऊन बघतो. एक विचारायचं राहिलं. लाँग ग्रेनच्या ढिगातही अधूनमधून एखाद्या कागदाचा एकच कोपरा तिरका पिळल्यासारखा उचलतो. हे कशाने?

आप्पा_ट्रेडलवाले
गिरणीतल्या मोठ्या रिळाच्या कडेच्या भागात तंतू थोडे तिरके निजतात, त्यातून असं होतं. तुमच्या कागदाला तेच लागू आहे की कटिंगला शीट तिरकी लागली, हे इथून सांगता येणार नाही. पिळलेल्या कागदाच्या चारही कोपऱ्यांना गुण्या लावून बघा आणि लिहा.