मदत हवी आहे: कंपनीतून बाजूला होतेय, जाहीर करायची पोस्ट कशी लिहू?

निळीशाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, थोडं सविस्तर लिहितेय, शेवटपर्यंत वाचा प्लीज.

मी सुरू केलेली एक कंपनी आहे, दवाखान्यांना अपॉइंटमेंट आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर पुरवते. चाळीसेक माणसं काम करतात. आता मी सीईओ पद सोडतेय आणि आमच्याकडे सुरुवातीपासून ऑपरेशन्स बघणारी सहकारी ते घेतेय. बोर्डाने मान्यता दिलीय, तीसुद्धा तयार आहे. कंपनी विकलेली नाही, पैशांची अडचण नाही, कुणाशी भांडण नाही. माझे शेअर्स माझ्याकडेच राहणार.

जाहीर करायची पोस्ट लिहिली आणि एका मैत्रिणीला वाचायला दिली, तर वाचून झाल्यावर तिचा पहिला प्रश्न, "कोणाला विकलीस?" म्हणजे जे मला सांगायचंय त्याच्या बरोब्बर उलट पोचतंय. ड्राफ्ट हा:

"आज जड अंतःकरणाने सांगतेय की या सुंदर प्रवासातला माझा अध्याय इथे संपतोय. आपण सगळ्यांनी मिळून जे उभं केलं त्याचा मला अभिमान आहे. कंपनी आता सक्षम हातांत आहे आणि आमच्या ग्राहकांसाठी काहीही बदलणार नाही. नव्या वाटेवर निघताना तुम्हा सर्वांचे मनापासून आभार."

यात नेमकं काय चुकतंय? स्टाफ आणि ग्राहक दोघांना एकच पोस्ट चालेल का? आणि कारण सांगावं का? कारण घरचं आहे, लपवण्यासारखं नाही, पण चव्हाट्यावर मांडायचीही इच्छा नाही.

---

मीरोजचावाचक

ताई, आधी नोटीस पिरियड बघा. मी मागच्या कंपनीतून राजीनामा दिला तेव्हा एचआरने रिलीव्हिंग लेटर अडकवून ठेवलं होतं, सगळं लेखी घ्या आणि मगच पोस्ट टाका.

निळीशाई

धन्यवाद, पण मी नोकरी सोडत नाहीये, कंपनी माझीच आहे, फक्त चालवायची जबाबदारी दुसरीकडे देतेय. लेखी घेण्याचं मात्र पटलं, बोर्डाचा ठराव सहीनिशी झालाय.

---

पडद्यामागची

कंपन्यांच्या अशा घोषणा लिहून देणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, म्हणून स्पष्टच लिहिते.

तुमच्या ड्राफ्टमध्ये नाव नाही, तारीख नाही आणि तुमचं पुढे काय हेही नाही. मैत्रिणीला विक्रीचा वास आला तो त्यामुळेच. "सक्षम हात" म्हणजे कोणाचे? वाचणारा ती जागा स्वतःच भरतो, आणि भरताना नेहमी वाईटातलं वाईट भरतो. त्यामुळे पहिल्याच वाक्यात कोण, कधीपासून, कुठल्या पदावर हे येऊ द्या, भावना नंतर. अभिमान वगैरे एक वाक्य पुरतं.

दुसरं, "काहीही बदलणार नाही" हे काढाच. ते वचन तुम्ही देताय पण पाळायचंय नव्या सीईओने. उद्या तिने एखादा प्लॅन बंद केला किंवा दर वाढवले तर लोक तुमच्या पोस्टचा स्क्रीनशॉट तिच्या तोंडावर मारतील, म्हणजे जाताना तुम्ही तिचे हात बांधून जाताय. त्याऐवजी जे आजच पक्कं आहे तेवढंच लिहा: चालू करार ठरलेल्या दराने मुदतीपर्यंत चालतील, सपोर्टचा नंबर तोच, डेटा आहे तिथेच. आणि यातलं प्रत्येक वाक्य तिला आधी वाचायला द्या, जे तिला मान्य नाही ते पोस्टमध्ये नको.

उदाहरण म्हणून जॅक डॉर्सीने ट्विटरचं सीईओ पद सोडताना २९ नोव्हेंबर २०२१ ला स्टाफला पाठवलेला आणि त्याच दिवशी जाहीर केलेला ईमेल बघा. नवे सीईओ पराग अग्रवाल, बोर्डाचे अध्यक्ष ब्रेट टेलर अशी थेट नावं आहेत, निर्णय माझा स्वतःचा आहे असं साफ लिहिलंय, आणि बोर्डावर साधारण मेपर्यंत राहून मग तेही सोडणार, कारण परागला मोकळी जागा मिळायला हवी, हेही आहे. वाचणाऱ्याला अंदाज बांधायला फारसं काही उरत नाही.

चहाकटिंग

पण त्याच ट्विटरची पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये विक्री झाली आणि पराग अग्रवालला काढलं. मग त्या पत्राचा उपयोग काय झाला?

पडद्यामागची

म्हणूनच तर म्हणतेय की भविष्याचं वचन देऊ नका. पत्राने त्या दिवसापुरतं खरं काय आहे ते सांगायचं असतं. कंपनी विकली जाणार नाही असं निळीशाईंनीही लिहू नये, "ही विक्री नाही, माझे शेअर्स माझ्याकडे आहेत" एवढंच लिहावं. ते आज तपासता येतं.

---

शेअरबाजारकाका

माझा सल्ला, स्टाफला आधी अजिबात सांगू नका. लिस्टेड कंपन्यांत अशी बातमी आधी स्टॉक एक्सचेंजला कळवावी लागते, बाकीच्यांना त्यानंतर. चाळीस जणांना सांगितलं की अर्ध्या तासात बाहेर. सगळ्यांना एकदम पोस्टमधूनच कळू दे.

पडद्यामागची

काका, लिस्टेडचं बरोबर आहे तुमचं, पण यांची कंपनी लिस्टेड दिसत नाही. फुटण्याची भीतीही खरी आहे, फक्त त्यावर उपाय स्टाफला अंधारात ठेवणं हा नाही, मधला वेळ कमी करणं हा आहे. सगळं एकाच दिवसात उरका. सकाळी टीम लीड्सना समोर बसवून सांगायचं, लगेच सगळ्यांची मीटिंग आणि त्यात नवी सीईओ शेजारी हवीच. मीटिंग संपल्या संपल्या मोठ्या ग्राहकांना अकाउंट मॅनेजरचे नाही तर तुमचे स्वतःचे फोन जायला हवेत, म्हणजे त्यांच्या वेळा आधी कोणाला तरी ठरवून ठेवायला सांगा, एकट्याने जमणार नाही. मग बाकी ग्राहकांना ईमेल आणि सगळ्यात शेवटी जाहीर पोस्ट. शुक्रवारी संध्याकाळी मात्र करू नका, लोकांना प्रश्न विचारायला कोणी सापडत नाही आणि दोन दिवस तर्क चालतात.

खिडकीजवळचीसीट

मी स्टाफच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे फाउंडर गेल्याचं आम्हाला पोस्टमधूनच कळलं. ग्राहकाने फोन करून विचारलं आणि आमच्या सपोर्टच्या मुलीला काही माहीतच नाही, तिला किती कानकोंडं झालं असेल विचार करा. त्यानंतरच्या सुंदर भाषणाचं कोणाला काही पडलेलं नव्हतं.

आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही, ती म्हणजे तोंडी दिलेले शब्द. लहान कंपनीत फाउंडर जाता येता सांगून टाकतात, तुला एप्रिलमध्ये लीड करते, तुझं घरून काम चालू राहू दे, तुझ्या पगाराचं मी बघते. हे कुठेच लिहिलेलं नसतं. नवीन माणूस म्हणतो मला माहीत नाही, आणि त्याची चूकही नसते. आमच्याकडे पहिले राजीनामे याच कारणाने आले. तेव्हा मीटिंगच्या आधी असे सगळे शब्द आठवून लिहून काढा, नव्या सीईओबरोबर बसून कुठले पाळले जाणार ते ठरवा, आणि ज्यांचं होणार नाही त्यांना तुम्ही स्वतः सांगा. ईसॉप, म्हणजे स्टाफला देऊ केलेले कंपनीचे शेअर्स, असतील तर त्यांचं काय, हेही पहिल्या मीटिंगमध्येच विचारतील.

निळीशाई

हे वाचून लगेच वही काढली. असे शब्द बरेच आहेत. खूप आभार.

---

काउंटरवरून

मी दवाखान्याचं काउंटर सांभाळते, म्हणजे तुमच्या ग्राहकांपैकीच कोणीतरी समजा. आम्ही वापरायचो त्या एका सॉफ्टवेअरची मालकीण अशीच बाजूला झाली, पोस्ट छान होती, निर्धास्त राहा वगैरे. नंतर काही दिवसांत ऑनलाइन पेमेंट बंद पडलं, कारण पेमेंट गेटवेचं लॉगिन तिच्या नावावर आणि ओटीपी तिच्याच मोबाईलवर जायचा आणि ती बाहेरगावी. पेशंट समोर रांगेत उभे. तिचं जाणं आम्हाला टोचलं नव्हतं हो, ते ओटीपीचं टोचलं. पोस्ट टाकायच्या आधी डोमेन, ॲप स्टोअरचं खातं, बँकेतल्या सह्या, एसएमएसचं खातं, सगळं कोणाच्या नावावर आहे बघून घ्या.

पडद्यामागची

अगदी मोलाचं. त्यात भर: कर्जाला तुमची वैयक्तिक हमी असेल तर पद सोडल्याने ती आपोआप सुटत नाही, बँकेशी वेगळं बोलावं लागतं. आणि मोठ्या ग्राहकांचे करार वाचा, काहींत प्रमुख व्यक्ती बदलल्यास आधी कळवण्याची अट असते. तसं असेल तर त्यांना पोस्टनंतर कळून चालणारच नाही.

---

चहाकटिंग

बोर्डावर राहणार का तुम्ही? माझ्या मते पूर्ण बाहेर पडा. तुम्ही दिसत राहिलात तर लोक निर्णयासाठी तुमच्याकडेच येत राहणार.

शेअरबाजारकाका

उलट मी म्हणेन राहा. बंबल या डेटिंग ॲपच्या व्हिटनी वुल्फ हर्डने नोव्हेंबर २०२३ मध्ये सीईओ पद सोडत असल्याचं जाहीर केलं, लिडियान जोन्स आल्या, पण ती स्वतः एक्झिक्युटिव्ह चेअर म्हणून राहिली आणि मार्च २०२५ मध्ये परत सीईओ झाली. दार उघडं असलेलं बरं असतं.

पडद्यामागची

या उदाहरणातून मी एवढंच घेईन की "कायमचा निरोप" असली भाषा वापरू नये. राहावं की नाही हे नव्या सीईओला विचारा, तिला खरंच काय हवंय ते. राहिलात तर कशात पडणार नाही ते पोस्टमध्येच लिहा, म्हणजे लोक तुमच्याकडे येणं आपोआप कमी होईल.

---

निळीशाई

तिच्याशी बोलले. तिला मी वर्षभर बोर्डावर हवीये, रोजच्या कामात नको. नवा ड्राफ्ट, ग्राहकांसाठी:

"येत्या १ तारखेपासून आपल्या कंपनीच्या सीईओ (इथे नाव) असतील. सुरुवातीपासून ऑपरेशन्स त्याच सांभाळतात, तुमच्यापैकी अनेकांचं सॉफ्टवेअर त्यांनीच बसवून दिलंय. पद सोडण्याचा निर्णय माझा आहे, घरी माझी गरज आहे. ही विक्री नाही, माझे शेअर्स माझ्याकडेच आहेत. पुढचं वर्षभर मी बोर्डावर असेन, रोजचे निर्णय मात्र त्यांचे. तुमचा चालू करार ठरलेल्या दराने मुदतीपर्यंत चालेल, सपोर्टचा नंबर तोच आहे, डेटा आहे तिथेच आहे. काही अडलं तर त्यांना थेट लिहा, पत्ता खाली दिलाय. तुम्ही आमच्यावर विश्वास टाकलात त्याबद्दल मनापासून आभार."

स्टाफला वेगळं, समोरासमोर आणि नंतर ईमेल. ओटीपीचं बघितलं, एसएमएसचं खातं खरंच माझ्या नंबरवर निघालं, ते बदलल्याशिवाय तारीख जाहीर करणार नाही.

काउंटरवरून

हे वाचून मी निर्धास्त झाले असते. "थेट लिहा" च्या जागी फोन नंबर द्या, आम्हाला ईमेल करायला वेळ नसतो.

खिडकीजवळचीसीट

"घरी माझी गरज आहे" याबद्दल मी साशंक आहे. लोक काळजीने विचारत बसतील, काय झालं, कोण आजारी आहे. मी असतो तर कारणच दिलं नसतं.

पडद्यामागची

मी ठेवेन. कारण नसलं की भांडणाच्या वावड्या उठतात, आणि चार शब्दांत संपतंय. मात्र कोणी विचारलंच तर स्टाफने काय उत्तर द्यायचं ते एक वाक्य ठरवून सपोर्टच्या टीमला आधी द्या, नाहीतर प्रत्येकजण वेगळं सांगेल.

निळीशाई

कारणाचं अजून ठरत नाहीये, घरच्यांना विचारून बघते, शेवटी बातमी त्यांचीही आहे. फोन नंबर घालते. सपोर्टचं वाक्य आज तिच्याबरोबर बसून लिहिणार आहे, इथे टाकते, बघून सांगा.